डोकं मोठं, अंग लहान

मागच्या आठवड्यात आमच्या सारसोळेच्या जेट्टीवर उभे असलेले आजोबा बनवायला बसलो. हातात फक्त त्यांचा पासपोर्ट फोटो. चेहरा हुबेहूब आला, पण डोकं बघाल तर जत्रेतला मुखवटा!

मग मोजलं. टाचेपासून टाळूपर्यंत ९०० पिक्सेल, हनुवटीपासून टाळूपर्यंत १८०. म्हणजे आजोबा पाच डोकी उंच. मोठा माणूस साधारण सात ते साडेसात डोकी उंच असतो. पाच हे लहान पोराचं माप झालं.

प्रॉम्प्टमध्ये 'small head' लिहून पाहिलं, ढिम्म फरक नाही. कारण इन्स्टंटआयडी फोटोतून नुसता चेहरा उचलत नाही. दोन डोळे, नाक, ओठांची दोन टोकं, असे पाच बिंदूही घेतं, आणि डोकं केवढं नि कुठे हे त्या बिंदूंवरून ठरतं. पासपोर्ट फोटोत चेहरा फ्रेमभर, मग डोकंही तसंच येणार ना?

कम्फीयूआयमध्ये `Apply InstantID` नोडला `image_kps` नावाचा वेगळा इनपुट असतो. तिथे मी मित्राचा जेट्टीवरचाच उभा, पूर्ण फोटो जोडला. चेहरा आजोबांचा, बिंदू मित्राचे. डोकं १२५ पिक्सेलवर आलं.

पण एवढ्याशा डोक्यात डोळे पुसट झाले. म्हणून तेवढाच भाग कापून मोठा केला, फक्त चेहऱ्याला मास्क लावला आणि डीनॉइज ०.४ वर पुन्हा काढला. आधी हावरटपणे ०.७ ठेवलं होतं, तर हनुवटी परत वाढली.