आई-वडिलांना काशीला न्यायचं: रेल्वेने की विमानाने?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं काशीला जाऊन आलो. नाना ७९ वर्षांचे, गुडघे गेलेले. आई ७४ची, बीपीसाठी लघवीची गोळी चालू. तेव्हापासून लिफ्टमध्ये जो भेटतो तो विचारतो, "रेल्वे बरी की विमान?" म्हणून सेक्रेटरी म्हणाले, एकदाच सगळ्यांना सांगून टाका.

आपण सगळे आधी तास मोजतो. महानगरी एक्सप्रेसला सत्तावीस-अठ्ठावीस तास, विमानाला दोन-सव्वादोन. पण नानांसाठी मी वेगळं मोजलं: किती वेळा उभं राहायचं आणि किती पायऱ्या चढायच्या. डोंबिवलीहून विमानतळ, सामान, सुरक्षा तपासणी, गेट, मग बाबतपूरहून गावात यायला पुन्हा तासभर गाडी. दिवस जातोच, आणि तो सगळा खुर्चीत किंवा रांगेत. रेल्वेत वेळ जास्त, पण पाय पसरता येतात. नानांच्या गुडघ्यांना तेच हवं होतं. आईलाही उठून बाथरूमला जायला सीटबेल्टच्या दिव्याची वाट बघावी लागत नाही. मात्र चालत्या गाडीत तिच्याबरोबर कुणीतरी गेलंच पाहिजे.

पण हे सगळं खालचे दोन बर्थ मिळाले तरच. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपण हौसेने चौघांचं एकच तिकीट काढतो. आयआरसीटीसीवर कोट्याच्या यादीत LOWER BERTH/SR.CITIZEN असा पर्याय असतो. पुरुष ६० वर्षांचे आणि बायका ४५ वर्षांच्या पुढे असतील तर तो मिळतो, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोनच माणसं, आणि दोघंही त्या वयाची. आपलं तरुण नाव त्यात घातलं की कोटा गेला. म्हणून आई-नानांचं तिकीट वेगळं काढलं, आमचं साध्या कोट्यात. सध्या बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बसायचं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे, हा कोटा मात्र आहे.

डबा टू-टायर एसीचा घेतला. थ्री-टायरमध्ये मधला बर्थ उघडला की खाली बसलेल्याला मान वाकवून बसावं लागतं. आमचे बर्थ दोन कप्पे पलीकडे आले. त्यात माझा खालचा होता. आई-नानांच्या वरच्या बर्थवरच्या गृहस्थांना म्हटलं, "माझा खालचा घ्या, तुमचा वरचा द्या." ते आनंदाने उठले!

चढायचं सीएसएमटीहून. कल्याण आपल्याला जवळ, पण तिथे पूल आहे आणि गाडी काही मिनिटंच थांबते. सीएसएमटीला गाडी सुटते, प्लॅटफॉर्मवर रस्त्यावरून सपाट चालत जाता येतं. टॅक्सीचे जादा पैसे मला तरी वसूल वाटले. वाराणसीला गाडी संपते, त्यामुळे उतरायचीही घाई नाही.

परतताना मात्र विमान. चार दिवस घाट चढून-उतरून दोघंही थकलेली, आणखी एक रात्र हलत्या गाडीत नको होती. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगितली होती. निघण्याच्या तीन दिवस आधी तिकीट पाहिलं तर त्यावर WCHR लिहिलेलं. त्याचा अर्थ, या माणसाला लांब चालता येत नाही, पण विमानाच्या पायऱ्या चढता येतात. नानांना कुठल्या चढता येणार? ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांच्यासाठी WCHS असतं. फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, व्हीलचेअर म्हणजे व्हीलचेअरच." दोनदा बोलल्यावर बदललं. विमान बोगद्याला न लागता लांब उभं राहिलं, तर WCHSवाल्यांना रॅम्पने किंवा वर उचलणाऱ्या गाडीने चढवतात. हे ४८ तास आधी पक्कं झालेलं असावं. व्हीलचेअरवाले सर्वांत शेवटी उतरतात, म्हणून घरातल्या एकाने त्यांच्याबरोबर थांबायचं, दुसऱ्याने बॅगांकडे जायचं. औषधं जवळच्या पिशवीत.

ज्यांच्या घरी दम्याचे किंवा फुफ्फुसाचे पेशंट आहेत, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, त्यांनी विमानाआधी डॉक्टरांना विचारावं. आत हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी इतकी विरळ असते, म्हणजे महाबळेश्वरहूनही वर. घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात चालत नाही.

आता मार्चमध्ये नानांना जगन्नाथपुरी म्हणायचंय. दोन खालचे बर्थ मिळाले तर रेल्वे, नाहीतर भुवनेश्वरपर्यंत विमान, असं घरात ठरलंय. आईचं म्हणणं, खिडकी कुणाला ते आधी ठरवा.