दंड वारसाने येत नाही, देणं येतं

पूर्णा-केळणेच्या काठी राहणाऱ्या जाफराबादकर मंडळींनो,

जुन्या अन्यायाच्या भरपाईचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. कधी चिडून, कधी अगदी प्रामाणिकपणे. "आमच्या पणज्याने कुणाला काय केलं असेल ते असेल. मी कुणाच्या वाटेला गेलो नाही. मग माझ्याकडे कसली वसुली?" हे वाक्य मी हसण्यावारी नेणार नाही. ते निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं कुठे चुकतं, एवढंच आज बोलायचं आहे.

त्यासाठी आपल्याच जुन्या कायद्याकडे चला. हिंदू धर्मशास्त्रात बापाचं कर्ज फेडणं मुलाचं कर्तव्य होतं. बृहस्पतीच्या नावावर असलेला नियम तर फार बारीक आहे: बापाचं कर्ज मुलाने व्याजासकट फेडावं, आजोबाचं कर्ज नातवाने फक्त मुद्दल फेडावं, पणतूवर सक्ती नाही. पण त्याच शास्त्राने काही देणी बाजूला काढली. बापाने जुगारात हरलेले पैसे, दारूची उधारी आणि बापाला झालेला दंड, हे मुलाने देऊ नये. त्याला अव्यावहारिक ऋण म्हणत. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही हा भेद पाळला. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि केवळ पुत्रधर्माच्या नावाखाली मुलाकडून, नातवाकडून वसुली करण्याची वाट बंद झाली. मात्र जो बापाची इस्टेट घेतो, त्याने त्या इस्टेटीपुरतं बापाचं देणं द्यायचं, हा नियम आजही लागू आहे. सातबाऱ्यावर वारसाची नोंद लागते तेव्हा सोसायटीचा बोजाही तिथेच राहतो. तो खोडून द्या म्हणून तलाठ्याकडे कोणी जात नाही.

म्हणजे दंड वारसाने येत नाही, देणं येतं, आणि तेही हाती आलेल्या इस्टेटीपुरतं. "मी गुन्हा केला नाही" म्हणणारा दंड नाकारतो आहे, आणि त्याचं बरोबर आहे. त्याच्यावर आरोप ठेवणारा चुकतो. प्रश्न उरतो तो इस्टेटीचा. ती कोणाकडे आली, आणि तिच्यावर बोजा आहे का?

जुना प्रत्येक अन्याय असा बोजा टाकून जात नाही. आपल्या जवळच, केळणेच्याच काठी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. अशा लढाईत आसपासच्या रयतेचं काय होतं, ते सांगायला नको. पण आज असईच्या शेतकऱ्याने कोणाकडे भरपाई मागायची? त्या नुकसानीमुळे आज कोणाचं शेत लहान आणि कोणाचं मोठं आहे, हे कुणालाच दाखवता येणार नाही. मधल्या सव्वादोनशे वर्षांत तो धागा तुटला. जेरेमी वॉल्ड्रन नावाच्या तत्त्वज्ञाने १९९२ साली हाच मुद्दा मांडला: परिस्थिती बदलत जाते तसा जुना हक्क विरून जाऊ शकतो. मला तो पटतो. पण तो उलटूनही वाचला पाहिजे. परिस्थिती बदललीच नसेल तर हक्कही विरलेला नसतो.

आता मराठवाड्यातल्या जमिनीकडे येऊ.

१७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य संपलं. पुढच्याच वर्षी जहागिऱ्या खालसा झाल्या. जहागीरदारांना मोकळ्या हातांनी घरी पाठवलं नाही, ठरवून भरपाई दिली. खुद्द निजामाला वर्षाला ५० लाखांचा तनखा मिळाला. या देण्याबद्दल कोणी "आम्ही काय केलं?" असं विचारलं नाही. १९५० साली हैदराबाद कुळकायदा आला. तो चांगलाच होता, जमीन कसणाऱ्या कुळाला त्याने आधार दिला. पण त्याचं दार कुळासाठी होतं. कुळ म्हणजे खंडाने किंवा बटईने जमीन कसणारा. सालदार कुळ नव्हता. वेठीला राबणारा कुळ नव्हता. गावकीची कामं करून बलुतं घेणारा महार किंवा मांग कुळ नव्हता, कारण जातीमुळे त्याच्याकडे जमीन कसायला सहसा दिलीच जात नव्हती. ज्याच्यावर सगळ्यात जुना अन्याय झाला, त्याच्याकडे भरपाई मागायला लागणारा कागदच नव्हता. आणि कागद नव्हता तो त्याच अन्यायामुळे.

सत्ताधाऱ्याचं देणं पिढ्यानपिढ्या चालतं, याचं मोठं उदाहरण इंग्लंडचं आहे. १८३३ साली ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद केली आणि दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ही भरपाई मालकांना होती, गुलामांना छदाम नाही. त्यासाठी सरकारने कर्ज काढलं आणि त्यातली शेवटची शिल्लक २०१५ साली फिटली. म्हणजे त्या वर्षी लंडनमध्ये कर भरणारा नोकरदार, त्यात गुलामांचे वंशजही आले, १८३३चं देणं देत होता. व्यक्ती मरते, राज्य मरत नाही. आजच्या पिढीकडे जुनं देणं येतं ते बहुधा रक्तातून येत नाही, सरकारी तिजोरीतून येतं. त्या तिजोरीचे हक्क आपण बिनदिक्कत घेतो.

मराठवाड्यातल्या भूमिहीनांनी कागद मिळण्याची वाट पाहिली नाही. १९५०च्या दशकापासून त्यांनी पडीक आणि गायरान जमिनी नांगरायला घेतल्या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. सरकारने हळूहळू मान तुकवली. २७ डिसेंबर १९७८च्या निर्णयाने आधीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. मग २८ नोव्हेंबर १९९१चा शासन निर्णय आला: १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमानुकूल करा. शेवटची तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस आहे. मधल्या काळात, १९७८च्या जुलैअखेर, नामांतराच्या ठरावावरून याच मराठवाड्यात दलितांची घरं जळली, हेही त्या तारखांमध्ये वाचावं लागतं.

या निर्णयाखाली हक्क सिद्ध करायचा कसा, ते बघण्यासारखं आहे. समजा, १९८२ पासून एक माणूस गायरानात तीन एकर कसतो. सातबाऱ्यावर मालक सरकार. त्याने कबजा दाखवायचा कशावर? तलाठ्याकडे गाव नमुना १-ई असतो. ती अतिक्रमणाची नोंदवही. त्यात त्याचं नाव, गट नंबर, वर्ष आणि त्याला केलेला दंड. दंडाची पावती, पीक पाहणीतली नोंद, कधी तहसीलची नोटीस. म्हणजे ज्या कागदाने त्याला गुन्हेगार ठरवलं, तोच त्याच्या हक्काचा पुरावा. ज्याने दंड भरला आणि पावती जपली तो वाचला. ज्याच्याकडून तलाठ्याने पैसे घेतले आणि पावती दिली नाही, किंवा ज्याची नोंद १-ईला कधी घेतलीच नाही, तो तीस-चाळीस वर्षं कसूनही रिकामा. गावातल्या वजनदार माणसाने नोंद होऊ दिली नाही, असं तर सर्रास ऐकायला मिळतं. आणि नियमित झालं तरी जमीन वर्ग दोनची. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, त्यामुळे बँकेत तिला किंमत कमी.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. गायरान गावाचं आहे. ते गुरांसाठी राखलेलं असतं, आणि सगळ्यात जास्त गरज कोणाला? ज्याच्याकडे बांधावर चारा नाही त्याला. दोन शेळ्या पाळणाऱ्या विधवेला, मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराला. गायरान नांगरलं की पहिला फटका त्यांना बसतो. शंभर एकरांच्या मालकाला त्याचं काही नाही, त्याची गुरं गोठ्यात दावणीला आहेत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरचे कबजे हटवायला सांगितलं. त्यानंतर राज्यानेही गायरान वाटपावर बंधनं आणली. त्या निकालात भूमिहीन दलितांना दिलेल्या पट्ट्यांसारखा अपवाद आहे, पण नोटीस काढताना तो अपवाद कोण वाचतो? गायरानाची वाट अपुरी आहे, ती या कारणाने. देणं राज्याचं, आणि ते भागवलं गावातल्या गरिबाच्या चराईतून. ज्यांच्या वाट्याला जुनी इस्टेट आली त्यांची वीतभर जमीन यात गेली नाही. म्हणून १९९०पूर्वीचे कबजे मान्य करावेत, पण पुढची भरपाई गायरानातून काढू नये, असं माझं मत आहे.

मग कशातून? त्याचं उत्तर कागदावर तयार आहे. २००४ पासून महाराष्ट्रात कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला सरकार जमीन विकत घेऊन देतं: चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. सुरुवातीला निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी बिनव्याजी कर्ज होती. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आली. ही योजना कोणावर आरोप ठेवत नाही, कोणाचं शेत ओढून घेत नाही. विकणाऱ्याला पैसे मिळतात आणि ते सगळ्यांच्या करातून येतात. मघाशी म्हटलेलं इस्टेटीपुरतं देणं ते हेच.

पण ती अडते भावावर. २०१८च्या निर्णयात जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाख अशी कमाल मर्यादा आहे. रस्त्यालगतची, पाण्याची जमीन त्या भावात कोण विकेल? जी विकायला येते ती डोंगरउताराची, मुरमाड, वाट नसलेली. ती घेतली तर कुटुंब वर्षभरात पुन्हा ऊसतोडीला जातं. न घेतली तर निधी पडून राहतो आणि जमीनच मिळत नाही असा शेरा पडतो. हा शेरा ऐकला की मला समृद्धी महामार्ग आठवतो. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता आपल्याच जालना जिल्ह्यातून गेला. त्याच्यासाठी सरकारने शेतकऱ्यांशी थेट खरेदीखतं केली, सरकारी दराच्या कितीतरी पट भाव दिला, आणि जमीन मिळाली. तिथे कोणी "जमीन उपलब्ध नाही" असा शेरा मारून फाइल बंद केली नाही.

जिल्ह्यात या योजनेची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. इथे जमलेल्यांपैकी कोणी त्या समितीला तीन प्रश्न लेखी विचारावेत. जाफराबाद तालुक्यात गेल्या पाच वर्षांत किती एकर खरेदी झाली? ती कोणत्या गटांत, विहिरीसकट की विहिरीवाचून? आणि रस्त्यासाठी जो भाव देता येतो तो भूमिहीनासाठी का देता येत नाही? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर माहिती अधिकारात तीस दिवसांत द्यावं लागतं.