प्रबंधाची तोंडी परीक्षा

श्रोतेहो, आपल्यापैकी काही शिक्षकबंधू आणि भगिनी नोकरी सांभाळून पीएच. डी.चा प्रबंध लिहीत असतील. प्रबंध सादर होतो, परीक्षकांचे अहवाल येतात आणि मग तोंडी परीक्षेची तारीख लागते. त्या दिवशी पुष्कळजण अडतात, ते उत्तर ठाऊक नसते म्हणून नव्हे. विचारलेले एक असते आणि ते सांगतात भलतेच!

एक उदाहरण घेऊ. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका गुरुजींनी ऊसतोड कामगारांच्या मुलांवर प्रबंध लिहिला. तीन शाळांतली ८४ मुले पाहिली. हंगाम लागताच ५२ मुले आईबापांबरोबर फडावर गेली, ३२ मुले आजीआजोबांपाशी गावातच राहिली. एप्रिलमध्ये वाचनाची चाचणी घेतली, तर फडावर गेलेली मुले मागे पडलेली दिसली. निष्कर्ष काढला, की स्थलांतरामुळे वाचन मागे पडते.

आता हा निष्कर्ष वहीत एका ओळीत लिहा आणि त्याखाली तीन प्रश्न मांडा. हे कशावरून? कारण दुसरेच नसेल कशावरून? आणि हे कुठवर खरे? अडचणीचा असतो तो दुसरा प्रश्न. परीक्षक म्हणतील, "गुरुजी, गेलेली मुले आधीपासूनच कच्ची असतील तर?"

येथे गुरुजी गडबडतात. साखर कारखान्यांचा इतिहास, दुष्काळ, उचल, मुकादम असे सांगत सुटतात. दहा मिनिटे जातात, प्रश्न जागच्या जागी राहतो. शिवाय ओघात काढलेल्या प्रत्येक विषयावर नवा प्रश्न ओढवतो तो वेगळाच.

तयारी केलेले उत्तर असे असते : "नाही, सर. जूनमध्ये हीच चाचणी घेतली होती, तेव्हा दोन्ही गटांचे गुण जवळजवळ सारखे होते. मात्र घरची मिळकत मी मोजलेली नाही, म्हणून स्थलांतर हे एकमेव कारण आहे असे मी म्हणत नाही." आधी थेट उत्तर, मग पुरावा, मग मर्यादा. एवढे बोलून थांबावे. परीक्षक गप्प राहिले, तरी ती शांतता भरून काढायला जाऊ नये.

आणि जूनची चाचणी घेतलीच नसेल तर? मग तसे कबूल करावे आणि निष्कर्ष आखडता घ्यावा : "ही मुले मागे आहेत एवढे दिसते, कारण सिद्ध झालेले नाही." ओढूनताणून केलेला बचाव पुढच्याच प्रश्नात कोसळतो.

सराव मार्गदर्शकांपुढेच करू नका. त्यांना तुमचे अर्धे वाक्यही कळते. दुसरा विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्याला समोर बसवा, घड्याळ ठेवा आणि मिनिटभरात उत्तर द्या. मग त्यालाच विचारा, "मी काय म्हणालो?" त्याला ते एका वाक्यात सांगता आले नाही, तर उत्तर अजून लांब आहे, असे समजा.