त्याच कंपनीच्या दारात दुसऱ्यांदा

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईने विचारलं, "मॅडम, ज्या कंपनीने एकदा नाही म्हटलं, तिथे परत अर्ज केला तर हसतील का?" म्हणून आज आमच्याच गटातल्या एकीची हकिगत सांगते. तिचं नाव सांगत नाही, तिने तशी गळ घातली आहे.

ही ताई घरी पायमशीनवर दहा वर्षं ब्लाऊज शिवते. हात एकदम साफ. तालुक्याजवळच्या कपड्याच्या कंपनीत शिलाईच्या जागा निघाल्या तेव्हा तिने अर्ज केला. तिथे मुलाखतीआधी मशीनवर बसवतात. सुईत दोरा नसतो. रेघा छापलेला कागद देतात आणि त्या रेघांवरून मशीन चालवायला सांगतात. सुईची भोकं रेघेवर पडली पाहिजेत. हिची भोकं कागदभर पसरली आणि पाचव्या मिनिटाला "नंतर कळवू" झालं.

घरी येऊन रडली. सासरे म्हणाले, दहा वर्षं काय शिवलंस मग? पण बाई, चूक हाताची नव्हती, पायाची होती. पायमशीनला आपण टाच आणि चवडा सारखा खाली-वर करतो. कंपनीच्या मोटरवरच्या मशीनला चवडा दाबला की ते पळतं आणि टाच दाबली की थांबतं. जितका जोर, तितका वेग. हिने सवयीने पाय हलवला, म्हणून मशीन धावायचं, अडायचं, परत धावायचं. कापड दाबणारा फूट उचलायला तिथे गुडघ्याजवळ पट्टी असते. ही मात्र हाताने मागचा दांडा शोधत बसली.

हे तिला कळलं कसं? आठ दिवसांनी ती परत गेटवर गेली आणि भरती बघणाऱ्या बाईंना एवढंच विचारलं, "माझं नेमकं काय कमी पडलं?" भांडली नाही, विनवण्याही केल्या नाहीत. बाई म्हणाल्या, "मोटरच्या मशीनवर ताबा नाही." हे एक वाक्य तिने वहीत तारखेसकट लिहून ठेवलं. पुढचं सगळं त्या वाक्यावर उभं राहिलं. कारणच माहीत नसेल तर काय बदललं ते सांगणार कसं?

मग तालुक्याच्या शिलाई केंद्रात तिने तीन महिने मोटरच्या मशीनवर सराव केला. पहिला आठवडा नुसता पाय. दोरा नाही, कापड नाही, वहीचा रेघांचा कागद. सरळ रेघ जमल्यावर चौकोन घेतला, कारण कोपऱ्यावर सुई खाली ठेवून, फूट उचलून कागद वळवावा लागतो. शेवटी गोल. दर शनिवारचा एक कागद तारीख टाकून जपून ठेवला.

वर्षभराने परत जागा निघाल्या. तिचं म्हणणं, पहिल्या वेळचं लपवावं. मी म्हटलं, नको. त्यांच्याकडे जुना फॉर्म असतो, आणि "आधी आला होतात का?" हा प्रश्न फॉर्मवरच छापलेला असतो. तिथे खोटं लिहिलं तर काम चांगलं असूनही बाहेर काढतील. आम्ही दोघींनी बसून अर्ज लिहिला, तो असा:

"मी गेल्या वर्षी जुलैमध्ये शिलाईच्या जागेसाठी चाचणी दिली होती. मोटरच्या मशीनवर ताबा नसल्याने माझी निवड झाली नाही. त्यानंतर मी तीन महिने अशा मशीनचं प्रशिक्षण घेतलं. प्रमाणपत्र आणि सरावाचे कागद सोबत जोडले आहेत. माझी पुन्हा चाचणी घ्यावी, ही विनंती."

एवढंच. पहिल्या मसुद्यात तिने घरची अडचण, मुलांची फी, सगळं लिहिलं होतं. ते खरं होतं, पण कंपनीने नाकारलं त्याच्याशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून खोडलं. "आता मी खूप मेहनती झाले आहे" हेही खोडलं. ते कोणीही लिहितं. तारखेचे कागद कोणी आणत नाही.

सुपरवायझरने विचारलंच, "गेल्या वेळी जमलं नव्हतं, आता काय वेगळं?" तिने पहिल्या शनिवारचा कागद आणि शेवटचा कागद शेजारी-शेजारी ठेवले. त्याने दोन्ही उजेडात धरून पाहिले आणि म्हणाला, बसा मशीनवर. चौकोनाचा एक कोपरा हुकला. तरी घेतलं, पण शिकाऊ म्हणून, कमी पगारावर. हेही सांगायलाच हवं.

आणि सगळ्यांचं असं होत नाही. आमच्यातल्याच दुसरीला दहावी नाही म्हणून पॅकिंगला घेतलं नव्हतं. ती सहा महिन्यांनी तसाच अर्ज घेऊन निघाली होती. मी तिला थांबवलं. नुसते महिने गेले म्हणजे काही बदललं नाही. तिने आता सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, परीक्षा द्यायची आहे. निकाल लागला की तिचा अर्ज लिहायला बसू.