तान्हुले चाळवले तर



पाश्चात्त्य देशांतल्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास असतो. रात्री मूल रडले, तर आईने त्याच्या खोलीत जावे की बाहेर थांबावे? आपल्याकडे मुळात वेगळी खोलीच कुठे असते? मूल आईच्या कुशीशी, पलीकडे आजी. तेव्हा आपल्यापुरता प्रश्न असा, की मूल किरकिरले तर दिवा लावून उचलायचे, की पडल्यापडल्या थोडे थांबायचे?

मी बोलतो आहे ते एक ते तीन वर्षांच्या मुलांविषयी. पहिल्या काही महिन्यांच्या तान्ह्याला भूक लागते. त्याला घ्यायलाच हवे.

मोठ्या माणसाची झोप साधारण दीड तासाच्या आवर्तनांनी चालते. लहान मुलाचे आवर्तन त्याहून आखूड, तासाभराचे. एक आवर्तन संपून दुसरे सुरू होताना झोप पातळ होते. आपणही तेव्हा कूस बदलतो, वाकळ ओढून घेतो आणि सकाळी ते आठवतही नाही. मूल त्याच वेळी मुसमुसते, एखादी हाक मारते. अमेरिकेत थॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात निजलेल्या बाळांचे रात्रभर चित्रण केले. आईबापांना जी मुले सलग झोपतात असे वाटत होते, त्यांतलीही पुष्कळ मुले मधून मधून जागी होत होती. फक्त कुणाला न बोलावता पुन्हा झोपी जात होती.

आता असे समजा, की दीड वर्षाचे पोर साडेआठला झोपले आणि साडेनऊच्या सुमाराला "ऊं ऊं" करू लागले. आत्याबाई म्हणतात, "अगं, पोरगं रडतंय, घे की!" सुनेने दिवा लावला, उचलले, थोपटले. पोर अर्धवट झोपेत होते ते आता टक्क जागे झाले आणि तासभर खेळत बसले. इथे मूल रडून उठले नाही, ते उचलल्याने उठले!

म्हणून आधी पडल्यापडल्याच ऐकावे. रडण्यात खंड पडतो आहे का? आवाज उतरतो आहे का? सावकाश शंभर आकडे मोजावेत. उतरत असेल तर काही करू नये. चढत असेल, किंवा ते उठून बसले, "आई" म्हणून शोधू लागले, तर जवळ घ्यावे. पण शक्यतो अंधारातच, न बोलता, पाठीवर हात ठेवून. शंभर हा काही शास्त्राचा आकडा नव्हे. घाई होऊ नये म्हणून हाताशी धरलेले ते एक माप.

झोप लागल्यावर एक ते तीन तासांत एखादे मूल किंचाळून उठते, डोळे उघडे, अंग घामाने भिजलेले, आणि आईलाच ढकलते. ओळखच नसते त्याला! हे खरे तर झोपेतच असते. हलवून जागे करू नये. कुठे आपटणार नाही एवढे पाहावे. बहुधा काही मिनिटांत ते आपोआप निजते. भीतीचे स्वप्न मात्र उत्तररात्री पडते. त्यात मूल पूर्ण जागे होऊन बिलगते. त्याला कुशीत घ्यावेच.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. पुस्तकात ती सापडायची नाही. मूल जमिनीवर झोपले असेल, तर थांबायचे ते न उचलता. पण बॅटरीचा उजेड अंथरुणावरून एकदा जरूर फिरवावा. विंचवाच्या दंशाने मूल एकदम कळवळून ओरडते आणि थांबत नाही. पुढे घाम, उलटी, लाळ, हातपाय गार. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध रुळवले आणि पुष्कळ मुले वाचली; पण त्यासाठी मूल वेळेत दवाखान्यात पोचले पाहिजे.

मण्यार त्याहून फसवी. ती रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखत नाही, दाताची खूण कित्येकदा दिसतही नाही. निजलेले मूल उठून पोट धरून रडते, ओकते. मग पापण्या जड होतात, आवाज क्षीण होतो. "झोप आलीय त्याला," असे म्हणून घरचे निर्धास्त होतात. नेमके तिथेच घात होतो, कारण रडणे थांबले ते बरे वाटले म्हणून नव्हे. पापणी उचलत नाही असे दिसले, की खूण शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा, किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठावे. दृष्ट काढायची ती परतल्यावर काढा हवी तर.

तसेच अंगात ताप, धाप, भुंकल्यासारखा खोकला, किंवा आडवे केले की वाढणारे आणि हात कानाकडे नेणारे रडणे, यांपैकी काही असेल तर शंभर मोजायचेच नाहीत. दिवा लावायचा आणि मूल पाहायचे.