मामाच्या दुकानाचं नाव बदललं, पेजचं बदलेना

आजचा किस्सा घरचा आहे. दुकानांची खरी नावं सांगत नाही. जुन्याला आपण ‘गणेश सायकल मार्ट’ म्हणू आणि नव्याला ‘चक्रधर सायकल्स’. गाव कराड.

दोन मामांचं एकच दुकान होतं. वाटणी झाली, भांडण न होता झाली. जुनं नाव थोरल्या मामांकडे गेलं. धाकट्या मामांना जागा मिळाली आणि फेसबुक पेज मिळालं, कारण सहा वर्षं ते पेज तेच चालवत होते. नऊ हजारांच्या आसपास फॉलोअर. वाटणीपत्रात एक ओळ होती: पाडव्यानंतर धाकट्यांनी जुनं नाव वापरायचं नाही. सगळ्यांना वाटलं, नाव बदलणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. पाडव्याला तीन आठवडे असताना मला फोन आला, “अरे, ते पेज नाव घेईना. दोनदा नाही म्हणालं.”

मी म्हटलं, “मामा, तुम्ही नक्की काय टाकलंत ते पाठवा.” स्क्रीनशॉट आला. पहिल्या वेळी हे टाकलं होतं:

```
CHAKRADHAR CYCLES™ - KARAD NO.1 E-BIKE SHOP
```

आता गंमत बघा. मामांनी फ्लेक्सवाल्याला दिलेला मजकूर जसाच्या तसा इथे टाकला. फ्लेक्सवर तो शोभतो. पण फेसबुकच्या नियमांत या एका ओळीत तीन चुका आहेत. सगळी अक्षरं कॅपिटल चालत नाहीत, लघुरूप असेल तर गोष्ट वेगळी. ™ किंवा ® सारखी चिन्हं चालत नाहीत. आणि ‘नंबर वन’ ही जाहिरात झाली, नाव नाही. घोषवाक्य, वर्णन यांना पेजवर वेगळी जागा आहे, ती नावात कोंबायची नाहीत.

नकार आल्यावर मामांनी विचार केला की साधं काहीतरी टाकू. दुसरा अर्ज गेला तो ‘Cycle Shop Karad’ असा. हा तर आणखी फसला. नुसतं सामान्य नाम, किंवा सामान्य नाम आणि गाव, असं नाव कुणा एकाचं होत नाही. कराडातली कुठलीही सायकलची दुकानं त्यात बसतील. ‘पिझ्झा’ या नावाचं पेज मिळत नाही, त्याच कारणाने हेही नाही.

मामा वैतागले होते. “नवीन पेज काढू का सरळ?” मी म्हटलं, थांबा. नवीन पेज म्हणजे फॉलोअर शून्य, जुने रिव्ह्यू आणि फोटो मागे. नंतर दोन्ही पेजं एकत्र करू म्हणाल, तर त्यासाठी दोन्हींची नावं मिळतीजुळती आणि विषय एकच लागतो. आपली नावं अगदीच वेगळी आहेत. म्हणजे तो दरवाजा बंदच समजा.

मग फक्त ‘Chakradhar Cycles’ टाकलं की झालं? मला तिथे जरा शंका होती. नियम कशासाठी आहेत ते आधी बघू. लोक विनोदाचं पेज काढतात, लाखभर फॉलोअर जमवतात आणि ते पेज बूटवाल्याला विकतात. सकाळी उठून बघता तर तुम्ही कधी न पाहिलेल्या दुकानाला फॉलो करताय. म्हणून नाव बदलताना पेजचा विषयच बदलतोय, लोकांची दिशाभूल होतेय असं वाटलं, की अर्ज नाकारला जाऊ शकतो. आता आपल्या अर्जाकडे बाहेरच्या माणसासारखं बघा. जुन्या आणि नव्या नावात ‘सायकल’ सोडून एकही शब्द सारखा नाही. आणि पेजवर? कव्हर फोटोत जुना बोर्ड, माहितीत जुनं नाव, प्रोफाइलला गणपतीचा जुना लोगो. नवं नाव खरं आहे असं सांगणारी एकही गोष्ट पेजवर नव्हती.

म्हणून तिसरा अर्ज लगेच टाकला नाही. चार दिवस आधी पेजच दुरुस्त केलं. नवा बोर्ड लागला त्याच दिवशी दुपारच्या उजेडात समोरून फोटो काढला, बोर्डावरचं नाव आणि दाराबाहेरच्या सायकली दोन्ही दिसतील असा, आणि तोच कव्हरला लावला. माहितीत लिहिलं की दुकान तेच, जागा तीच, नाव नवं. फॉलोअर्ससाठी एक साधी पोस्ट टाकली, ‘आमचं नाव बदललंय’. पत्ता, फोन तसाच ठेवला. बोर्डावर, बिलावर आणि अर्जात स्पेलिंग अक्षरन् अक्षर एक आहे ना ते तपासलं. बिलावर ‘Cycle’ होतं, शेवटचा एस गायब! बिलबुक परत छापायला दिलं.

मग अर्ज. इथे एक बारकावा: पेजवर पूर्ण अधिकार असलेल्या माणसालाच नाव बदलता येतं. मामांच्या पेजवर पोरगं फक्त पोस्ट टाकायचं, त्याच्या फोनवर तो पर्यायच दिसत नव्हता. मामांच्या फोनवरून पेजच्या सेटिंगमध्ये जाऊन नाव टाकलं:

```
Chakradhar Cycles
```

ना डॅश, ना गाव, ना ई-बाइक. दुसऱ्या दिवशी मंजूर. माझ्या पेजच्या डागडुजीने झालं की नुसत्या स्वच्छ नावाने, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. नकार येतो तेव्हा कारण शब्दाशब्दाने कुणी समजावत नाही, आपणच नियमांशी ताडून बघायचं.

मंजूर झाल्याबरोबर मामा म्हणाले, “आता पुढे ‘अँड ई-बाइक्स’ लावू का?” लावता येत नाही! एकदा नाव बदललं की सात दिवस परत बदलता येत नाही. म्हणून पाठवण्याआधी घरातल्या तिघांनी ते वाचायला हवं.

आणि एक गोष्ट माझ्याही लक्षात उशिरा आली. नाव वेगळं आणि पत्ता वेगळा. वर ‘Chakradhar Cycles’ दिसत होतं, पण लिंक अजून जुन्याच नावाची, facebook.com/ नंतर गणेश सायकल मार्ट. ते युजरनेम स्वतंत्र बदलावं लागतं. किमान पाच अक्षरं लागतात आणि इंग्रजी अक्षरं, आकडे, पूर्णविराम एवढंच चालतं. पूर्णविराम किंवा कॅपिटलने फरक पडत नाही, त्यामुळे कुणी ते नाव आधी घेतलं असेल तर मध्ये टिंब टाकून ते तुमचं होत नाही. ते बदललं, आणि मग आठवलं की व्हिजिटिंग कार्डावरचा क्यूआर कोड जुन्या लिंकचा आहे. दोनशे कार्डं शिल्लक होती.

पाडव्याच्या संध्याकाळी थोरल्या मामांचा फोन. “अरे, पेज उघडलं तर आत अजून आमचंच नाव दिसतंय की!” ते पेजच्या पारदर्शकतेच्या भागात गेले होते. तिथे पेजची आधीची नावं तारखेसह दिसतात, ती पेजवाल्याला पुसता येत नाहीत. मी त्यांना समजावलं की मामा, हे ‘वापरणं’ नाही, ही नोंद आहे. ते म्हणाले, “वाटणीपत्रात हे लिहिलं असतं तर विचारलं नसतं.” बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी वकिलांकडून पुरवणीची एक ओळ लिहून घेतली, दोघांनी सह्या केल्या, आणि थोरल्यांनी जाता जाता धाकट्यांच्या दुकानातून नातवासाठी सायकल घेतली. बिल नव्या नावाचं, एससकट.