घरमालकास पत्र आणि सोबतचा तक्ता

मृगाचा पाऊस दोन महिन्यांवर आला म्हणजे बेळगाव–शहापूरकडील जुन्या कौलारू घरांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. छपराची दुरुस्ती करावयाची कोणी आणि पैसे द्यावयाचे कोणी? भाडेकरू सांगतो, “भिंत ओली होते, काहीतरी करा.” मालक म्हणतो, “पाहू.” आणि पाहता पाहता पाऊस येऊन ठेपतो. यात खोटे कोणीच बोललेले नसते. परंतु काय बिघडले, कशाने बिघडले आणि किती रुपये लागतील, या तीन गोष्टीही कोणी सांगितलेल्या नसतात. त्या सांगण्याचे साधे साधन म्हणजे एक लहानसे पत्र आणि त्यास जोडलेला तक्ता.

नमुन्यादाखल असे एक घर कल्पावे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. भाडे महिना 6,000 रुपये. मागील खोलीची भिंत ओली होऊन गिलावा सुटला आहे, पन्हळ गंजून फुटली आहे, मोरीचा नळ गळतो, खिडकीची एक काच तडकली आहे, आणि स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा असावा अशी भाडेकरूच्या घरच्यांची इच्छा आहे.

अशा वेळी बहुतेक तक्ते “भिंत दुरुस्ती” या शब्दांनी सुरू होतात, आणि तेथेच चुकतात. ओल हे लक्षण आहे, कारण नव्हे. पावसानंतर वळचणीखाली, भिंतीच्या माथ्याशी डाग पडत असेल, तर दोष कौलांचा अथवा पन्हळीचा. जमिनीपासून कमरेपर्यंत ओल चढून भिंतीस पांढरा लोणा लागला असेल, तर पाणी जमिनीतून येत आहे. उन्हाळ्यातही एकाच ठिकाणी ओल राहत असेल, तर भिंतीतील नळ फुटलेला असण्याचा संभव अधिक. या घरातील डाग माथ्याशी आहे आणि पावसातच वाढतो. म्हणून तक्त्याची पहिली ओळ छपराची, दुसरी पन्हळीची आणि गिलावा त्यानंतर तिसरा. छप्पर गळत असता नवा गिलावा केला, तर तो एका पावसाळ्यात पुन्हा सुटतो. छप्पर नीट झाल्यावरही भिंत पुरती वाळू द्यावी लागते, म्हणून कौलांचे काम चैत्रातच उरकलेले बरे.

कारण लिहिले म्हणजे वाटणीही पुष्कळशी आपोआप ठरते. कौले, रिपा, वासे, पन्हळ हा घराचा सांगाडा, तो मालकाचा. नळाचे वॉशर, कडीकोयंडे, काच या रोजच्या वापराने झिजणाऱ्या वस्तू, त्या भाडेकरूच्या. केंद्र सरकारने 2021 साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या परिशिष्टातही साधारण हीच विभागणी आहे. मात्र तो नमुना आहे, आणि ज्या राज्याने तो स्वीकारला असेल तेथेच तो लागू होतो.

दोन ओळी तरीही वादाच्या उरतात. पहिली गिलाव्याची. गळती गतवर्षीच दिसली होती; भाडेकरूने ती वेळीच लेखी कळविली असती, तर नुकसान एवढे वाढले नसते. म्हणून निम्मा भार त्याने आपण होऊन उचलणे न्यायाचे. दुसरी ओट्याची. ओटा ही दुरुस्ती नव्हे, सुधारणा आहे. ती दुरुस्तीच्या नावाखाली घुसडली, तर मालकाचा सगळ्याच तक्त्यावरील विश्वास उडतो. तिचे नाव उघड लिहावे आणि मालकास ती नाकारण्याची मोकळीक ठेवावी.

आकडे मोघम नसावेत. “छप्पर, अंदाजे 10,000” याऐवजी मोजमाप आणि दर लिहावा: कौले 60, प्रत्येकी 40 रुपये, म्हणजे 2,400, रिपा 120 फूट, फुटास 25 प्रमाणे 3,000, दोन गवंडी तीन दिवस, रोज 900 प्रमाणे 5,400, एकूण 10,800 रुपये. हे दर नमुन्याचे आहेत. प्रत्यक्षात दोन कारागिरांकडून लेखी अंदाज घ्यावा. मोजमाप दिले की मालकास दुसऱ्या गवंड्याकडून ते पडताळून पाहता येते, आणि हरकत घ्यावयाची तर ती एका आकड्यापुरती घेता येते.

आता पत्र.

“श्रीयुत घरमालक यांस, स. न. वि. वि.

आपल्या घराच्या मागील खोलीत पावसाचे पाणी झिरपते. कारागिरास दाखवून आवश्यक कामांचा तक्ता सोबत जोडला आहे. खर्चाची वाटणी ही केवळ सूचना आहे. करारातील उभयतांच्या हक्कांस तिने बाध येत नाही. आपण स्वतः अथवा आपला माणूस पाठवून एकदा पाहून घ्यावे. पावसापूर्वी काम होणे जरूर असल्याने पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. पाचवे काम आपणास मान्य नसल्यास ते वगळावे. बाकीच्या कामांवर त्याचा परिणाम नाही. कळावे, लोभ असावा.”

| काम | कारण | खर्च (रु.) | मालक | भाडेकरू |
|---|---|---|---|---|
| 1. कौले व रिपा | तडा, कुज | 10,800 | 10,800 | – |
| 2. पन्हळ, 20 फूट | गंज | 3,200 | 3,200 | – |
| 3. गिलावा, 60 चौ. फूट | छपराची गळती | 4,200 | 2,100 | 2,100 |
| 4. नळ, काच | वापर | 900 | – | 900 |
| 5. ओटा | सुधारणा | 5,600 | 2,800 | 2,800 |
| एकूण | | 24,700 | 18,900 | 5,800 |

मालकाजवळ रोकड नसेल, तर भाडेकरूने त्याचे 18,900 रुपये आधी घालावेत आणि दरमहा भाड्यातून 3,000 वळते करावेत, अशी तोड निघते. सहा महिन्यांत 18,000 फिटतात आणि सातव्या महिन्यात उरलेले 900. परंतु यास मालकाची लेखी संमती हवी. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 108 व्या कलमात असे आहे की, मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च सव्याज भाड्यातून वळता करावा. येथे “बंधनकारक” हा शब्द महत्त्वाचा आहे. ते बंधन करारात किंवा त्या प्रांताच्या भाडे कायद्यात असावे लागते. नुसते घर भाड्याने दिल्याने ते येत नाही. हे न पाहता ज्याने भाडे कापले, तो दुरुस्ती करूनही थकबाकीदार ठरण्याचा धोका असतो. म्हणून प्रथम करारपत्र उघडावे, मग लेखणी.

आणखी एक ओळ तक्त्याखाली अवश्य असावी. कौले उतरल्यावर एखादा वासा वाळवीने पोखरलेला निघतो, आणि खालून तो कोणासच दिसलेला नसतो. “अंदाजाबाहेरचे काम निघाल्यास ते थांबवून मालकास दाखवावे व त्याच्या होकारानंतरच पुढे जावे,” एवढे लिहिलेले असले, म्हणजे शेवटच्या दिवशीचा तंटा टळतो.

मालकाचे उत्तर आले की तक्त्याच्या दोन प्रतींवर दोघांनी तारखेसह सही करावी आणि प्रत्येक पावतीवर तक्त्यातील कामाचा क्रमांक घालावा. सातव्या महिन्यात 900 रुपये वळते झाले की भाडेपावतीवर “दुरुस्तीचा हिशेब पुरा” असे मालकाने लिहून द्यावे. म्हणजे पुढे घर त्याच्या मुलाच्या हाती गेले, तरी हा हिशेब पुन्हा उकरला जाणार नाही.